जिल्ह्याची पर्यटनफिल्म: माहितीपत्रक न वाटणारी संहिता कशी लिहावी (बुलढाण्याचं उदाहरण घेऊन)

जिल्ह्यांच्या पर्यटनफिल्म आवाज बंद करून एकापाठोपाठ पाहिल्या, तर कोणती कुठल्या जिल्ह्याची हे सांगणं अवघड जातं. ड्रोनमधून सूर्योदय, देवळाचा कळस, धबधबा, फेटा बांधून हसणारे आजोबा, हळू गतीत पळणारी मुलं आणि शेवटी सगळ्या ठिकाणांची जंत्री. आवाज सुरू केला की निवेदक ‘निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेली भूमी’ म्हणतो. यात कॅमेरामनचा दोष फारसा नसतो. गडबड कागदावर झालेली असते: फिल्म कोणासाठी आहे हे ठरलेलं नसतं आणि जागेबद्दलची कोणती गैरसोयीची गोष्ट आपण कबूल करणार, हेही ठरलेलं नसतं.

या लेखात चार मिनिटांच्या एका फिल्मची संहिता पहिल्या ओळीपासून मंजुरीपर्यंत नेऊ. उदाहरण बुलढाणा जिल्ह्याचं आहे. शेगावला प्रचंड गर्दी, लोणारच्या विवरासारखी जगावेगळी जागा, सिंदखेड राजासारखं इतिहासाचं ठिकाण आणि ही तिन्ही एकमेकांपासून लांब, अशी त्याची रचना आहे. माहितीपत्रकी फिल्म बनण्याचे सगळे मोह इथे एकाच वेळी हजर आहेत.

आधी एक माणूस ठरवा

‘देशविदेशातले पर्यटक’ हा प्रेक्षक नाही. त्यांच्यासाठी लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य गुळगुळीत होतं, कारण कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला काय हवं आहे याचा अंदाजच नसतो. बुलढाण्यात प्रेक्षक शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरच्या शेगाव स्थानकावर तो रोज उतरतो. गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेलं कुटुंब, सोबत एखादी वयस्कर व्यक्ती, एक-दोन मुलं, परतीचं तिकीट काढलेलं. जिल्ह्यात पाऊल ठेवायचं मन या लोकांनी आधीच केलं आहे. त्यांना आणखी एक दिवस थांबवणं हे नागपूर-पुण्याच्या अनोळखी माणसाला घरातून उठवण्यापेक्षा सोपं काम आहे.

म्हणून संहितेच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्याही वर, एक वाक्य लिहा: ‘ही फिल्म पाहून शेगावला आलेल्या कुटुंबाने एक रात्र वाढवावी आणि लोणार, सिंदखेड राजा पाहून परत जावं.’ हे वाक्य फिल्ममध्ये येणार नाही, पण पुढचा प्रत्येक शॉट त्याला विचारून घ्यायचा आहे. काम देणाऱ्या कार्यालयाकडून याच वाक्यावर लेखी होकार घ्या. पुढे जो वाद होणार आहे, त्यात हा कागद कामाला येतो.

वाद कसला, हे सांगायला हवं. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. पहिल्याच बैठकीत प्रत्येक तालुक्यातलं एकेक ठिकाण यादीत येतं, मग धरणं, मग एखादा नवा चौक. चार मिनिटांत पंचवीस ठिकाणं घेतली तर प्रत्येकाला साडेनऊ सेकंद मिळतात, तेही आरंभ आणि शेवट धरून. साडेनऊ सेकंदांत फक्त नाव आणि विशेषण मावतं. माहितीपत्रकाची भाषा अशी यादीतून जन्माला येते. लेखकाने कितीही ठरवलं तरी त्याला ती टाळता येत नाही. यावरचा चालणारा तोडगा असा: मुख्य फिल्ममध्ये तीनच जागा, आणि बाकीच्या ठिकाणांसाठी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या स्वतंत्र छोट्या फिल्म, त्याच नियमांनी लिहिलेल्या. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तुमची वेगळी करू’ हे बैठकीत लवकर पटतं, आणि फोनवर पाहणाऱ्यांसाठी त्या छोट्या फिल्म उपयोगीही पडतात.

रेकीला कॅमेरा नेऊ नका, वही न्या

रेकी म्हणजे चित्रणाआधी जागा पाहून येणं. तिच्या पहिल्या फेरीत कॅमेरा सोबत असला की डोळे आपोआप चांगली चौकट शोधू लागतात, आणि चांगली चौकट म्हणजे नेमकी तीच, जी आधीच्या सगळ्यांनी घेतलेली असते. पहिली फेरी पर्यटकासारखी करा: शेगावहून गाडीने निघा, लोणारला पोहोचा, विवरात उतरा, वर या, मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजा पाहून जालन्याच्या स्टेशनवर पोहोचा. प्रत्येक टप्प्याला घड्याळ पाहून वेळ लिहा. गाडी कुठे लागते, तिथून किती चालावं लागतं, सावली कुठे संपते, स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं होतं का, उतरणीवर म्हातारा माणूस कुठे थांबेल. फिल्ममध्ये यातलं दहा टक्केच येईल, पण ते दहा टक्के दुसऱ्या कोणत्याही फिल्ममध्ये नसेल.

वहीत एक वेगळा रकाना आवाजांचा आणि वासांचा ठेवा. लोणारच्या काठावर शेवाळं आणि गाळ कुजल्याचा उग्र वास येतो. फोटोत तो येत नाही, म्हणून कोणी सांगत नाही, आणि पर्यटकाला पहिला धक्का त्याचाच बसतो. गोमुखाजवळची धार दिसण्याआधी तिचा आवाज ऐकू येतो का, हे तिथे उभं राहूनच कळतं. विवराच्या कडेला ऐकू येणारे आवाज खाली उतरताना कुठे बंद होतात, ती जागा वाटेवर खूण करून ठेवा.

रेकी निदान दोन ऋतूंत व्हायला हवी. पावसाळ्याच्या शेवटी विवराचा उतार हिरवागार असतो. मे महिन्यात तोच उतार करडा, आणि ऊन चाळिशीच्या पुढचं. एकाच ऋतूत जाऊन लिहिलेली संहिता उरलेल्या महिन्यांत आलेल्या माणसाला खोटी वाटते. दुसऱ्या फेरीला पैसे किंवा वेळ नसेल, तर जो ऋतू पाहिला तोच दाखवायचा आणि महिना पडद्यावर लिहायचा. दोन ऋतूंचे शॉट एकाच सलग प्रवासात मिसळणं ही अगदी रोज होणारी चूक आहे. प्रेक्षकाला ती बोट ठेवून दाखवता येत नाही, पण काहीतरी जुळत नाही हे त्याला जाणवतं.

दाव्यांची वही

निवेदन लिहिण्याआधी एक तक्ता करा. चार रकाने पुरेत: दावा काय आहे, तो कशावरून खरा, कोणत्या महिन्यांत खरा, आणि कॅमेऱ्याला तो दिसतो का. जिल्ह्याबद्दल ऐकलेलं, वाचलेलं, कार्यालयाने पाठवलेल्या टिपणातलं प्रत्येक वाक्य या चाळणीतून जाऊ द्या. लोणारबद्दलची तीन वाक्यं घेऊन पाहू, कारण तिन्ही सतत लिहिली जातात.

पहिलं: ‘बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव विवर.’ लोणार अशनिपाताने बेसाल्टमध्ये तयार झालं, हे बरोबर. पण ब्राझीलमध्येही बेसाल्टमधली आघातविवरं आहेत, म्हणून ‘एकमेव’ उडतं. त्या जागी ‘बेसाल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत’ हे लिहिलं की वाक्य खरंही राहतं आणि त्याचं वजनही जात नाही. ‘एकमेव’, ‘सर्वात मोठं’, ‘जगप्रसिद्ध’ हे शब्द दिसले की वहीत लाल खूण करायची, आणि पुरावा मिळेपर्यंत ती पुसायची नाही.

दुसरं: ‘बावन्न हजार वर्षांपूर्वी एक उल्का कोसळली.’ विवराच्या वयाबद्दल अभ्यासकांच्या मोजण्या जुळत नाहीत. एका पद्धतीने ते सुमारे पन्नास हजार वर्षं येतं, आर्गॉनवर आधारलेल्या नंतरच्या मोजणीने साडेपाच लाखांच्या पुढे जातं. टिपणातला आकडा उचलून छातीठोकपणे सांगण्यापेक्षा हा फरकच सांगा. ‘हे विवर किती जुनं? एका मोजणीने पन्नास हजार वर्षं, दुसरीने साडेपाच लाखांहून जास्त.’ ऐकणारा इथे थबकतो, कारण फिल्मने आपल्याला सगळं माहीत असल्याचा आव आणलेला नाही.

तिसरं, आणि सगळ्यात धोक्याचं: ‘गुलाबी सरोवर.’ जून २०२० मध्ये लोणारचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. पाण्यातला खारटपणा वाढल्यावर मीठ सोसणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याचा रंग बदलला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. एरवी पाणी हिरवट असतं. तक्त्यातला तिसरा रकाना इथे सगळं काम करतो: हा दावा एका वर्षाच्या एका काळापुरता खरा आहे. तरी ते फोटो फिरत राहतात आणि माणसं तो रंग पाहायला येतात. फिल्ममध्ये गुलाबी शॉट घातला तर पहिल्या दिवशी लाखो लोक पाहतील, आणि आलेल्यांपैकी प्रत्येक जण घरी जाऊन फसवणुकीची गोष्ट सांगेल.

वाघाचंही असंच. ज्ञानगंगा अभयारण्य याच जिल्ह्यात आहे, म्हणून विकत घेतलेल्या संग्रहातला वाघाचा शॉट टाकावा असं कोणीतरी सुचवणारच. प्रत्यक्षात घडलेली गोष्ट त्याहून भारी आहे: यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेलंगणातून फिरत, तेराशे किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगेत पोहोचला. हे दाखवायला वाघ लागत नाही. नकाशावर सरकणारा एक ठिपका आणि रात्रीची जंगलातली वाट पुरते. मात्र आपल्या मुख्य फिल्मच्या वाक्याशी ही गोष्ट जुळत नाही, म्हणून ती छोट्या फिल्ममध्ये जाईल. चांगला तुकडाही बाहेर ठेवावा लागतो, हे लिहिणाऱ्याला सर्वात जड जातं.

अडचण संहितेत कुठे ठेवायची

प्रामाणिक वाटण्यासाठी जिल्ह्याच्या सगळ्या तक्रारी सांगायची गरज नसते. ज्या अपेक्षेमुळे पर्यटक निराश होतो, तेवढी एक-दोन अपेक्षा उघडपणे मोडायची आणि त्या जागी जे खरोखर आहे ते दाखवायचं. रेकीत स्थानिकांना विचारायचा सर्वात उपयोगी प्रश्न हाच: ‘इथून नाराज होऊन कोण जातं?’ लोणारचे वाटाडे, चहावाले, वनरक्षक या प्रश्नाला अडखळत नाहीत. गुलाबी पाणी नाही, वास येतो, पाण्यात उतरता येत नाही, दुपारी उतरलो आणि वर चढताना जीव गेला.

ही कबुली फिल्मच्या पहिल्या तृतीयांशात यावी. शेवटी आली तर ती सूचनाफलक वाटते. अगदी पहिल्या दहा सेकंदांत आली तर चलाखी वाटते, जणू ‘पाहा, आम्ही किती खरे’ म्हणून मिरवतोय. प्रेक्षकाला जागा दिसली आहे, पण त्याने अजून मन बनवलेलं नाही, अशा क्षणी ती पडली की नंतरच्या प्रत्येक वाक्यावर त्याचा विश्वास बसतो. आणि ती निवेदकापेक्षा तिथल्या माणसाच्या तोंडून आली तर उत्तम.

दोन रकान्यांची संहिता

कागद उभा दुभागा. डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. उजव्या बाजूत निवेदन शेवटी लिहा. आधी जागेवरचे आवाज आणि माणसांच्या बोलण्यासाठी सोडलेल्या जागा भरा. मराठी निवेदन निवांत लयीत मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्दांच्या आसपास जातं. चार मिनिटांच्या फिल्ममध्ये निवेदन दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे सगळे मिळून दीडशे शब्द. हा आकडा कडक वाटतो, पण फुगलेलं निवेदन बाकी कशानेच रोखलं जात नाही. डावीकडे ‘भक्तिमय वातावरण’, ‘निसर्गरम्य परिसर’ असलं काही लिहायचं नाही. कॅमेरामनला त्यातून कुठे उभं राहायचं हे कळत नाही, मग तो नेहमीचाच शॉट घेतो. ‘ओल्या पायऱ्यांवर अनवाणी पाय, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर’ हे त्याला कळतं.

आपल्या फिल्मचा आराखडा असा बसतो. सलग वाचता यावा म्हणून दोन रकाने इथे एकाखाली एक दिले आहेत.

०:०० ते ०:२०
दृश्य: शेगाव स्थानकाबाहेर पहाट. एक कुटुंब, बॅगा, रिक्षा. आजी आधी बसते, मग सामान, मग मुलं.
ध्वनी: स्थानकावरची घोषणा, रिक्षाचं इंजिन. निवेदन नाही.

०:२० ते ०:४०
दृश्य: दर्शनानंतर तेच कुटुंब बाहेर, चपला शोधताना. पुढच्या शॉटमध्ये फोनवर नकाशा.
निवेदन: ‘दर्शन झालं. हातात अजून एक दिवस असेल, तर दक्षिणेकडे निघा.’

०:४० ते १:००
दृश्य: चालत्या गाडीतून रस्ता, शेतं. मागच्या सीटवर मूल झोपलेलं.
पडद्यावर मजकूर: शेगाव ते लोणार, गाडीने अडीच ते तीन तास.
ध्वनी: खिडकीतला वारा. निवेदन नाही.

१:०० ते १:४०
दृश्य: विवराची कड. आधी पाहणाऱ्यांच्या पाठी, मग त्यांच्या खांद्यावरून पाणी. रंग जसा असेल तसा, नंतर बदलायचा नाही.
ध्वनी: [जागा: वाटाड्याला पर्यटक सर्वात जास्त वेळा काय विचारतात आणि तो काय उत्तर देतो. सुमारे १२ सेकंद.]
निवेदन: ‘जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. ते फोटो अजून फिरतात. एरवी ते हिरवं असतं.’

१:४० ते २:३०
दृश्य: उतरण. झाडांतून वाट, थांबून पाणी पिणारी माणसं, मागे वळून पाहिल्यावर वर राहिलेली कड.
ध्वनी: पहिले तीस सेकंद फक्त पावलं आणि पक्षी.
निवेदन: ‘विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. किती जुनं? एका मोजणीने पन्नास हजार वर्षं, दुसरीने साडेपाच लाखांहून जास्त.’

२:३० ते २:५५
दृश्य: काठ. कोणीतरी नाकाला रुमाल लावतो, दुसरा हसतो. दगडी देवळाचे अवशेष.
निवेदन: ‘काठावर वास येतो. पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, त्यात उतरू नका. सकाळी लवकर या. चढण उन्हात जड जाते.’

२:५५ ते ३:२०
दृश्य: लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम जवळून, मग शेजारून शाळेला जाणारी मुलं.
ध्वनी: गावातला रोजचा आवाज. निवेदन नाही, फक्त मंदिराचं नाव पडद्यावर.

३:२० ते ३:४५
दृश्य: सिंदखेड राजा, लखुजीराव जाधवांचा वाडा, दुपारची शांतता. जयंतीचा शॉट नाही.
निवेदन: ‘जिजाऊंचा जन्म इथला. १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज वाडा निवांत पाहता येईल.’

३:४५ ते ४:००
दृश्य: जालना स्थानक, तेच कुटुंब फलाटावर. पडद्यावर: परतीची गाडी जालन्याहूनही मिळते. चित्रणाचा महिना आणि वर्ष.

या आराखड्यात निवेदन पंचाहत्तर शब्दांच्या आसपास आहे, म्हणजे मर्यादेच्या निम्मंच. उरलेली जागा संकलनात एखादं वाक्य लागलंच तर ठेवलेली आहे. ती भरायलाच हवी असं नाही. प्रवासाचा वेळ सांगितला आहे, कारण लांबचा रस्ता लपवला की आलेलं कुटुंब गाडीतच चिडतं. दैत्यसूदनला मुद्दाम गप्प ठेवलं आहे: कोरीवकामाबद्दल बोललं की डोळे पाहणं सोडून ऐकू लागतात. आणि जिजाऊंच्या जागी वीररसाचं संगीत नाही. त्या नावाला फिल्मने जोर द्यायची गरज नाही; मराठी प्रेक्षक तो सोबत घेऊनच येतो.

कुटुंब खरं असावं की कलाकार, हा प्रश्न इथेच सोडवा. कलाकार घेतले तर त्यांना कुठेही आश्चर्याचे उद्गार देऊ नका. ते चालतील, चपला शोधतील, पाणी पितील. आश्चर्याचा अभिनय पाहिला की प्रेक्षकाला जाहिरात ओळखायला एक सेकंद लागतो.

स्थानिकांचं बोलणं लिहायचं नसतं, मागायचं असतं

वरच्या संहितेत चौकटी कंसात ‘जागा’ असं लिहिलं आहे. तिथे संवाद लिहून दिला, की वाटाडा तो पाठ करून म्हणतो, हात बाजूला चिकटवून, प्रमाण मराठीत. मग वऱ्हाडी बोलणारा माणूस आकाशवाणीचा निवेदक वाटतो. म्हणून संहितेत फक्त तीन गोष्टी लिहा: कोणत्या भूमिकेतला माणूस हवा, त्याच्याकडून कोणती माहिती यायला हवी, आणि किती सेकंद.

प्रश्न असे निवडा की त्यांची उत्तरं माहितीपत्रकात सापडणार नाहीत. ‘तुमच्या गावाबद्दल काय वाटतं?’ याचं उत्तर नेहमी ‘खूप अभिमान वाटतो’ हेच येतं. ‘घरी पाहुणे आले तर पहिल्यांदा कुठे नेता?’, ‘कोणत्या महिन्यात येऊ नका म्हणता?’, ‘लोक खाली उतरताना काय विसरतात?’ यांना माणूस विचार करून उत्तर देतो. बोलताना त्याच्या हाताला काम असू द्या: पाटी पुसणं, दुकान लावणं, गाडी धुणं. बोली जशीच्या तशी ठेवा. बाहेरच्यांसाठी उपशीर्षकं पुरतात. काय वापरणार आणि कुठे दाखवणार हे आधी सांगून लेखी संमती घ्या, आणि जमलं तर त्याचा तुकडा त्याला अंतिम आवृत्तीआधी दाखवा. ‘हे असं नाही म्हटलं मी’ हे तेव्हा ऐकणं प्रदर्शनानंतर ऐकण्यापेक्षा परवडतं.

परवानग्या संहितेच्या मार्जिनमध्ये

लोणार सरोवराचा परिसर वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही. तिथे चित्रणासाठी वन विभागाची परवानगी लागते. ड्रोनसाठी ती वेगळी मागावी लागते आणि ड्रोनच्या हवाई क्षेत्राचे नियमही वेगळे पाळावे लागतात. संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व विभाग, देवस्थानांच्या आवारासाठी त्या त्या संस्था. कोणत्या शॉटला कोणाची परवानगी लागेल हे संहितेच्या समासात लिहिलं की ड्रोन शॉट आपोआप कमी होतात. वर दिलेल्या आराखड्यात ड्रोनचा एकही शॉट नाही. कडेला उभ्या माणसाच्या उंचीवरून विवर जेवढं मोठं दिसतं, तेवढं ते वरून दिसत नाही. वरून ते तळ्यासारखं दिसतं.

तीन चाचण्या, मग बैठक

पहिला मसुदा झाला की निवेदनात ‘बुलढाणा’, ‘लोणार’, ‘शेगाव’ या नावांच्या जागी दुसऱ्या जिल्ह्याची नावं घालून मोठ्याने वाचा. ‘संतांची, वीरांची आणि निसर्गाची त्रिवेणी लाभलेला बुलढाणा’ इथे सातारा घातलं तरी काहीच बिघडत नाही, म्हणून ते वाक्य गेलं. ‘काठावर वास येतो, पाण्यात उतरू नका’ दुसरीकडे बसत नाही, म्हणून राहिलं.

दुसरी चाचणी उलटी. निवेदन पूर्ण काढून फक्त डावा रकाना वाचा. प्रवास कळतो का? कुठे गेलो, किती वेळ लागला, कुठे दमलो? कळत नसेल तर निवेदन चित्रांचं काम करतंय, म्हणजे चित्रं कमी पडतायत.

तिसरी चाचणी लोणारच्या किंवा सिंदखेड राजाच्या दोन रहिवाशांना मसुदा वाचून दाखवणं. ते जिथे हसतील तिथे वाक्य खोटं आहे, आणि जिथे ‘हो, असंच होतं’ म्हणतील तिथे हात लावू नका. पाण्याची पातळी, उतरणीची वाट, कोणतं दार बंद असतं, या गोष्टी वर्षागणिक बदलतात आणि त्या यांनाच माहीत असतात.

मंजुरीच्या बैठकीत संहिता वाटू नका, वाचून दाखवा. घड्याळ लावून, मौनासकट. कागदावर मौन रिकामं दिसतं, आणि रिकामी जागा दिसली की कोणीतरी त्यात वाक्य घालतो. सोबत दाव्यांची वही ठेवा. ‘वास येतो हे कशाला?’ असा प्रश्न येईलच. त्यावर तत्त्वज्ञान सांगत बसू नका. जे लोक येऊन गेले त्यांनी इंटरनेटवर वासाबद्दल आधीच लिहिलेलं असतं. ती दोन-चार मतं छापून न्या आणि विचारा, हे आपण आधी सांगायचं की त्यांनी नंतर? मान्यवरांचा संदेश हवाच असेल तर तो कार्यक्रमात दाखवायच्या वेगळ्या आवृत्तीच्या आधी जोडा. मूळ फिल्म तशीच राहू द्या. श्रेयनामावली शेवटी, चार सेकंद.

मंजुरीनंतर बदल येतात तेव्हा तारखेसकट आवृत्ती क्रमांक टाका आणि प्रत्येक बदल दाव्यांच्या वहीत नोंदवा. कोणाच्या सूचनेवरून ‘जगातलं एकमेव’ परत आलं, हे दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नसतं. संकलन झाल्यावर तीच वही घेऊन बसा आणि तयार फिल्ममधलं प्रत्येक वाक्य, पडद्यावरचा प्रत्येक आकडा आणि प्रत्येक शॉटचा महिना तिच्याशी ताडून पाहा. ही वही फिल्मच्या फाइलसोबत कार्यालयाकडे सोपवा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी एखादी वाट बंद झाली किंवा पाणी वर आलं, तर कोणतं वाक्य काढायचं हे त्यांना शोधत बसावं लागणार नाही.